न विचारता ग्रुपमध्ये घेतलं, आता पहिला मेसेज काय लिहायचा?

नोकरीला लागून पंधरा दिवस झालेले असतात. दुपारी फोन बघितला तर एका नव्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आपलं नाव दिसतं. ग्रुप जिल्ह्यातल्या बालसंरक्षणाच्या कामाचा असतो, सभासद दोनशेच्या घरात असतात. एखाद्या वरिष्ठ मॅडमनी किंवा सरांनी आपल्याला त्यात घेतलेलं असतं आणि त्याआधी विचारलेलं नसतं. थोड्या वेळात कुणीतरी लिहितं, "नवीन सदस्यांनी आपली ओळख करून द्यावी."

समाजकार्य, वकिली, नर्सिंग, शिक्षण, पत्रकारिता अशा क्षेत्रांत नव्याने आलेल्या आपल्या बऱ्याच तरुण-तरुणींची आता अशीच सुरुवात होते. पूर्वी साहेब हाताला धरून चार लोकांना भेटवून आणायचे. ते काम आता ग्रुप करतो. फरक इतकाच की तिथे चेहरा दिसत नाही आणि आपण बोललेलं पुसलं जात नाही. म्हणून पहिला मेसेज कसा लिहावा हे आम्ही इथे एका उदाहरणातून सविस्तर मांडत आहोत. उदाहरण आमच्या क्षेत्रातलं म्हणजे समाजकार्याचं आहे.

ॲड केल्यावर नेमकं काय होतं

तुम्ही ग्रुपमध्ये गेलात की तुमचा मोबाइल नंबर सगळ्या सभासदांपुढे येतो. ज्यांच्याकडे तुमचा नंबर सेव्ह नाही त्यांना नंबर दिसतो आणि त्याच्याबरोबर तुम्ही स्वतः व्हॉट्सॲपवर ठेवलेलं नाव दिसतं. त्या जागी नुसती फुली, फुलाचं चित्र किंवा "किंग" असं काही ठेवलं असेल तर दोनशे सहकाऱ्यांना तुमची पहिली ओळख तीच होते. म्हणून मेसेज लिहिण्याच्या आधी हे नाव नीट करा. ऑफिसच्या कागदावर असतं तसं पूर्ण नाव ठेवलं की काम भागतं.

दुसरी गोष्ट, तुम्ही येण्याआधी ग्रुपवर काय बोलणं झालं ते तुम्हाला सहसा दिसत नाही. चालू विषय काय, काल कुणाचं कुणाशी वाजलं, कोणत्या मुलाचा शोध सुरू आहे, यातलं काहीच तुम्हाला माहीत नसतं. नव्या माणसाचे बरेचसे घोळ यातूनच होतात. एखादं मूल हरवलेलं असतं, चार तालुक्यांतले लोक त्याची माहिती एकमेकांना कळवत असतात आणि मध्येच आपला "सर्वांना सस्नेह नमस्कार" येऊन पडतो. कुणी रागावत नाही, पण आपलं नाव त्या गडबडीशी जोडलं जातं.

यावर उपाय सोपा आहे. कुणी थेट ओळख विचारली नसेल तर एक-दोन दिवस नुसतं वाचा. ग्रुपच्या नावावर टॅप केलं की वर्णन दिसतं, ॲडमिन कोण ते दिसतं, सभासदांची यादी दिसते. त्यातले किती जण आपल्या ओळखीचे आहेत ते पाहा. इतर नवे लोक ओळख कशी देतात आणि किती ओळींत देतात तेही पाहा. कुणी थेट विचारलं असेल तर मात्र त्याच दिवशी उत्तर द्यावं, कारण विचारल्यावर गप्प राहण्याचा अर्थ लोक आपापल्या परीने लावतात.

आधी घेणाऱ्याशी बोला

न विचारता ॲड केलं याचा राग येणं साहजिक आहे. आपला नंबर ही आपली गोष्ट आहे. मुलींच्या बाबतीत तर अनोळखी माणसांचे "हाय मॅडम" तिथूनच सुरू होतात. पण ही तक्रार ग्रुपवरच्या पहिल्या मेसेजमध्ये लिहू नये. तिथले एकशे नव्याण्णव लोक त्याला जबाबदार नाहीत आणि ज्यांनी घेतलं त्यांना सर्वांसमोर ओशाळवाणं वाटतं. त्यांनी बहुधा तुमच्या भल्यासाठीच घेतलेलं असतं.

त्यांना वेगळा मेसेज टाका. तो असा असू शकतो:

"मॅडम, नमस्कार. जिल्ह्याच्या ग्रुपमध्ये मला घेतल्याचं पाहिलं. हा ग्रुप मुख्यतः कशासाठी वापरतात आणि मी ओळख टाकणं अपेक्षित आहे का, एवढं सांगाल का? आणखी एक विनंती. माझ्या या नंबरवर वस्तीतल्या पालकांचे फोन येतात, त्यामुळे पुढे कुठल्या ग्रुपमध्ये घेण्याआधी मला एकदा विचाराल तर बरं होईल."

या मेसेजमधून तीन कामं होतात. ग्रुपचा हेतू कळतो, ओळख टाकायची की नाही ते कळतं आणि आपली हद्दही सांगून होते. "माझा हक्क आहे" असं न लिहिता कारण दिलं आहे, त्यामुळे वरिष्ठांनाही ते वाईट वाटत नाही. ते कारण खरं असावं, एवढं मात्र पाळा.

पुढे हा प्रसंग टळावा असं वाटत असेल तर व्हॉट्सॲपमध्ये Settings, मग Privacy, मग Groups इथे जा. ही सोय एप्रिल २०१९ पासून आहे. तिथे Everyone ऐवजी My contacts निवडलं की अनोळखी माणूस तुम्हाला थेट ग्रुपमध्ये घेऊ शकत नाही. त्याला तुम्हाला खासगीत निमंत्रण पाठवावं लागतं आणि ते तीन दिवस चालतं. पण ज्यांचा नंबर तुम्ही सेव्ह केला आहे ते तरीही घेऊ शकतात. मॅडमचा नंबर तुमच्याकडे असणारच, म्हणून वरची विनंती शब्दांत करावीच लागते. त्याच Privacy मध्ये प्रोफाइल फोटो आणि Last seen कुणाला दिसावं हेही ठरवता येतं. ग्रुपमध्ये राहायचं असेल तर फोटो My contacts वर ठेवा. कामाचं ओळखपत्र म्हणून फोटो दिसावा असं वाटत असेल तर साधा, एकट्याचा फोटो ठेवा.

ग्रुप आपल्या कामाचा नाही असं दिसलं तर बाहेर पडायलाही हरकत नाही. ऑगस्ट २०२२ पासून कुणी ग्रुप सोडला की सूचना फक्त ॲडमिनना जाते, सर्वांना जात नाही. ग्रुपच्या माहितीत मात्र गेल्या साठ दिवसांत कोण बाहेर पडलं ते सभासदांना पाहता येतं. त्यामुळे ज्यांनी घेतलं त्यांना आधी दोन ओळी कळवून बाहेर पडावं.

एक अपवाद लक्षात ठेवा. घेणारा पूर्ण अनोळखी असेल, नंबर परदेशी असेल, ग्रुपचं नाव मोठ्या कंपनीसारखं असेल आणि आत घरबसल्या कमाईची किंवा शेअर बाजारातल्या नफ्याची भाषा चालू असेल, तर तिथे ओळख द्यायची नाही. नाव आणि नोकरी सांगणं हेच त्या जाळ्याचं पहिलं पाऊल असतं. Report करून बाहेर पडा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

एक मेसेज, दोनदा लिहिलेला

आता उदाहरण घेऊ. समजा, मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यात एक तरुणी एका संस्थेत समुदाय संघटक म्हणून लागली आहे. तिने एम.एस.डब्ल्यू. केलं आहे. एका तालुक्यातल्या चौदा वस्त्या तिच्याकडे आहेत. आई-वडील ऊसतोडीला गेल्यावर मुलं शाळेत टिकावीत, हे तिचं काम. तिला घेतलेल्या ग्रुपमध्ये जिल्हा बाल संरक्षण कक्षातले कर्मचारी आहेत, बालकल्याण समितीचे सदस्य आहेत, १०९८ हेल्पलाइनचे लोक आहेत, सखी वन स्टॉप सेंटरच्या ताई आहेत, विधी सेवा प्राधिकरणाशी जोडलेले वकील आहेत आणि सरकारी रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षकही आहेत.

तिने पहिल्यांदा असं लिहिलं असतं:

"सर्व आदरणीय गुरुजन व मान्यवरांना सस्नेह नमस्कार. सर्वप्रथम मला या प्रतिष्ठित ग्रुपमध्ये स्थान दिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. मी या क्षेत्रात खूप लहान आहे, काही चुकल्यास माफ करावे. माझे शालेय शिक्षण गावातच झाले. बी.ए. प्रथम श्रेणी, एम.एस.डब्ल्यू. प्रथम श्रेणी, एम.एस.सी.आय.टी. मराठी व इंग्रजी टायपिंग. समाजसेवेची लहानपणापासून आवड. सध्या एका संस्थेत कार्यरत आहे. कुठे चांगली संधी असल्यास कळवावे, बायोडाटा सोबत जोडत आहे. तसेच कालच अमुक गावातील आठवीतल्या एका मुलीचे लग्न ठरल्याचे समजले, वडील ट्रॅक्टरवर मुकादम आहेत, तरी मार्गदर्शन व्हावे."

यातली प्रत्येक ओळ प्रामाणिक आहे, तरीही एकूण मेसेज कामाचा नाही. का, ते पाहू.

ग्रुपवरचा माणूस हा मेसेज पाच-सहा सेकंद पाहणार असतो. त्याला तीन गोष्टी हव्या असतात: हा माणूस कोण, याला इथे कुणी आणलं आणि मला याचा कधी उपयोग होईल किंवा याला माझा कधी होईल. वरच्या मेसेजमध्ये सुरुवातीच्या तीन ओळी आभार आणि माफी यांत गेल्या. तिने प्रवेश मागितलेला नव्हता, त्यामुळे "स्थान दिल्याबद्दल" हे आभारही ओढूनताणून आणल्यासारखे वाटतात. "मी खूप लहान आहे" हे वाक्य आपल्याकडे नम्रतेचं मानतात, पण कामाच्या ग्रुपवर त्याचा परिणाम वेगळा होतो. पुढे कुठल्या बैठकीला कुणाला बोलवायचं हे ठरवताना लोक तिला शिकाऊ धरूनच चालतात. माफी चुकल्यावर मागायची असते, आगाऊ नाही.

शिक्षणाची यादी बायोडाटाची आहे. या ग्रुपवर सगळे पदवीधर आहेत, त्यांना टायपिंगच्या परीक्षेशी देणंघेणं नाही. उलट ज्याच्यामुळे तिची आठवण राहील ते, म्हणजे कुठला तालुका आणि कुठलं काम, "एका संस्थेत कार्यरत" या तीन शब्दांत दडून गेलं आहे. नोकरीची विचारणा तर सर्वात जास्त नुकसान करते. तिच्या संस्थेचे प्रमुखही त्याच ग्रुपवर असण्याची शक्यता असते. नोकरी शोधायला हरकत नाही, पण ती एकेका माणसाशी बोलून शोधायची असते.

तोच मेसेज तिने असा लिहावा:

"नमस्कार. मी अमुक (इथे पूर्ण नाव). अमुक संस्थेत जूनपासून समुदाय संघटक आहे. अमुक तालुक्यातल्या १४ वस्त्यांमध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांचं शाळेत टिकणं या विषयावर काम करते. अमुक मॅडमनी मला ग्रुपमध्ये घेतलं आहे. या तालुक्यातली हंगामी वसतिगृहं किंवा स्थलांतरित कुटुंबांबद्दल काही माहिती लागली तर मला विचारू शकता. फोनसाठी सोमवार ते शनिवार, १० ते ६."

मेसेज साधारण पन्नास शब्दांचा आहे. पहिल्या तीन वाक्यांत नाव, संस्था, पद आणि भूगोल आला. जिल्हा पातळीवरच्या कामात भूगोल फार महत्त्वाचा असतो, कारण बालकल्याण समितीपुढे मूल आलं की पहिला प्रश्न "त्या तालुक्यात आपलं कोण आहे?" हाच असतो. "जूनपासून" या एका शब्दाने ती नवी आहे हेही कळलं, लहान असल्याचं वेगळं सांगावं लागलं नाही.

"अमुक मॅडमनी घेतलं आहे" ही ओळ महत्त्वाची आहे. न विचारता ॲड केलं गेलं ही वस्तुस्थिती त्यात सरळ येते, तक्रार किंवा कृतज्ञता न दाखवता. शिवाय "ही कोण?" असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांना ओळखीचा धागा मिळतो. मात्र मॅडमचं नाव वापरण्यापूर्वी वर सांगितलेला खासगी मेसेज झालेला असावा.

शेवटची दोन वाक्यं ग्रुपला काय मिळेल ते सांगतात. "मार्गदर्शन करावे" असं लिहिलं तर दोनशेपैकी कुणालाच ते आपल्यासाठी आहे असं वाटत नाही. "हंगामी वसतिगृहांबद्दल मला विचारा" असं लिहिलं तर नोव्हेंबरमध्ये एखाद्याला नेमकी तीच अडचण येते आणि तो तुमचं नाव शोधतो. पण जे खरंच माहीत आहे तेवढंच लिहावं. वस्त्या नुकत्याच हाती घेतल्या असतील तर "वस्त्यांची यादी आणि शाळांचे संपर्क माझ्याकडे आहेत" एवढंही पुरतं. वेळ दिल्यामुळे रात्री अकराचे फोन पूर्ण बंद होत नाहीत, पण आले तर "मी वेळ कळवली होती" असं म्हणता येतं.

मुलीची माहिती मेसेजमधून का काढली

पहिल्या मसुद्यात सर्वात गंभीर चूक शेवटच्या ओळीत होती. गावाचं नाव, आठवीतली मुलगी, वडील मुकादम. मुलीचं नाव लिहिलेलं नाही, म्हणून गोपनीयता पाळली असं वाटतं. पण त्या गावात आठवीत मुली किती आणि त्यांतल्या मुकादमाची मुलगी कोण, हे तालुक्यातल्या कुणालाही दोन मिनिटांत कळेल. ग्रुपवरच्या दोनशे लोकांत कुणाचा भाऊ, कुणाचा मित्र त्या गावचा असतो. एक स्क्रीनशॉट गेला की लग्न चार दिवस आधी, दुसऱ्या गावात उरकलं जातं. संघटक म्हणून तिला त्या वस्तीत पुन्हा पाय ठेवणं अवघड होतं, ते वेगळंच.

कायदाही स्पष्ट आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार अल्पवयात लग्न लावलं जाण्याचा तातडीचा धोका असलेलं मूल हे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक मानलं जातं. याच कायद्याचं कलम ७४ अशा बालकाच्या प्रकरणातल्या चौकशीचं वृत्त देताना नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील उघड करायला मनाई करतं. त्यात वर्तमानपत्राबरोबर संवादाची इतर माध्यमंही येतात. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. ग्रुपवरचा एखादा मेसेज या कलमात बसतो की नाही यावर वकील वाद घालतील. आपण त्या वादापर्यंत जाऊच नये.

मग त्या मुलीचं काय? तिच्यासाठी ग्रुप ही जागाच नव्हे. १०९८ वर फोन करायचा, जिल्हा बाल संरक्षण कक्षाला थेट कळवायचं आणि संस्थेतल्या वरिष्ठांना सांगायचं. ग्रुपचा उपयोग तिथवर पोहोचायला होतो. "अमुक तालुक्यासाठी बाल संरक्षण कक्षातून कोणाशी बोलावं? तातडीचं आहे, मला खासगीत कळवा." या वाक्यात गाव नाही, वय नाही, शाळा नाही, तरीही काम पुढे सरकतं. रुग्णालयात काम करणाऱ्यांनी हेच एचआयव्हीच्या रुग्णांबाबत पाळायचं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यातही माहितीच्या गोपनीयतेचं बंधन आहे.

जय भीम लिहावं का, आडनाव विचारलं तर काय

आपल्या वाचकांपैकी अनेकांचा हात पहिल्याच शब्दाला थबकतो. नमस्कार लिहावं की जय भीम? हा प्रश्न भित्रेपणाचा नाही. ज्या समाजात आडनावावरून माणसाची किंमत ठरवली जाते तिथे पहिल्या शब्दाचा हिशेब करावा लागतो आणि तो हिशेब ज्याला करावा लागत नाही त्याला तो दिसतही नाही.

आम्ही एक साधी कसोटी लावतो. दोन दिवस ग्रुप वाचा. तिथे लोक राम राम, जय हरी, जय महाराष्ट्र असं आपापलं अभिवादन करत असतील तर जय भीम हेही तितकंच साधं अभिवादन आहे, ते मोकळेपणाने लिहा. सगळे नुसतं नमस्कार लिहून कामाचं बोलत असतील तर तिथे नमस्कार ही त्या जागेची रीत आहे. ती पाळल्याने काही लपवलं असं होत नाही. निर्णय तुमचा, पण तो पाठवण्याआधी घ्या. जय भीम लिहून कुणाची प्रतिक्रिया पाहून ते खोडणं किंवा त्यावर स्पष्टीकरण देत बसणं, यात दोन्हीकडून नुकसान होतं.

आडनावाबाबतही तसंच. पूर्ण नाव लिहावं असं आम्ही म्हणतो, कारण उद्या बैठकीचं पत्र, हजेरीपट आणि फोनमधला नंबर यांत एकच नाव असलं की गोंधळ होत नाही. कुणी वडिलांचं नाव लावून थांबत असेल तर तेही ठीक आहे, फक्त सगळीकडे तेच ठेवा. मग खासगीत एखादा विचारतो, "मूळ गाव कुठलं? आडनाव नक्की काय?" हा प्रश्न कधी खरोखर ओळखीपोटी असतो, कधी दुसऱ्याच कारणाने. दोन्हीला एकच उत्तर चालतं: "काम अमुक तालुक्यात आहे सर, तिथलं काही काम असेल तर सांगा." ओळखीपोटी विचारणारा पुढे कामाचं बोलतो. दुसरा तिथेच थांबतो. ग्रुपवर कुणी उघडपणे जातीवरून बोललं तर स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह ठेवा, ॲडमिनला लेखी कळवा आणि आपल्या संस्थेतल्या विश्वासाच्या माणसाला लगेच सांगा.

पाठवण्याआधी आणि पाठवल्यावर

मेसेज थेट ग्रुपच्या चौकटीत टाइप करू नका. व्हॉट्सॲपवर स्वतःच्याच नंबरला मेसेज पाठवता येतो, तिथे लिहा, वाचा, नावं तपासा आणि मग ग्रुपवर टाका. कामाच्या दिवशी सकाळी साडेदहा-अकराची वेळ बरी. पाठवल्यावर चूक दिसली तर पंधरा मिनिटांपर्यंत मेसेज दुरुस्त करता येतो, फक्त त्यावर Edited असं दिसतं. सर्वांसाठी काढून टाकायला दोन दिवसांहून थोडा जास्त अवधी असतो, पण मेसेज काढल्याची खूण तिथे राहते आणि ज्यांनी वाचला त्यांनी वाचलेलाच असतो. टायपिंगची किरकोळ चूक असेल तर तशीच राहू द्या.

नंतर बहुधा काही होत नाही. चार अंगठे, दोन "स्वागत आहे", बाकी शांतता. याला नकार समजू नका. दोनशेपैकी बऱ्याच जणांनी ग्रुप म्यूट केलेला असतो. प्रत्येक स्वागताला वेगळं "धन्यवाद सर, धन्यवाद मॅडम" लिहिलं तर तुमच्या ओळखीपेक्षा आभारच जास्त होतात. त्या मेसेजवर खूण द्यावी किंवा शेवटी एकदाच आभार मानावेत. ज्यांनी घेतलं त्या मॅडमना मात्र खासगीत "ओळख टाकली आहे" एवढं कळवावं.

परिणाम दिसायला महिने जातात, कारण अशा ग्रुपमधली नाती विरळ असतात. समाजशास्त्रात मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा या विषयावरचा १९७३ चा लेख प्रसिद्ध आहे. त्यांनी अमेरिकेतल्या न्यूटन शहरात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं की ज्याने बातमी दिली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा. नेहमी भेटणाऱ्याकडून नोकरी कळलेले साधारण सहापैकी एकच होते. अधूनमधून भेटणाऱ्यांकडून कळलेले निम्म्याहून जास्त होते. कारण जवळच्या माणसाला जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं, लांबचा माणूस दुसऱ्या वर्तुळातली बातमी आणतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरात वकील, अधिकारी, डॉक्टर अशी तयार ओळख नसते. आपल्या वस्तीबाहेरच्या वर्तुळाशी जोडणारा असा धागा म्हणूनच जास्त मोलाचा.

त्यासाठी तुमचं नाव लोकांना योग्य वेळी सापडलं पाहिजे. पहिल्या मेसेजचं काम तेवढंच आहे. नोव्हेंबरात कारखान्यांकडे ट्रॅक्टर निघतात, तेव्हा रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक ग्रुपमध्ये त्या तालुक्याचं नाव टाकून शोधतील. त्या शोधात तिचे ते पन्नास शब्द वर आले, तर मेसेज नीट लिहिला गेला असं समजावं.